न पुसलं जाणारं शेवटचं पान

समजा, एका शाळेत 48 मुलांची प्रगतिपत्रकं छापायची आहेत. वर्डमध्ये एक छान तक्ता आखलेला आहे: वर नाव आणि हजेरी क्रमांक, मध्ये विषय आणि गुण, तळाशी वर्गशिक्षक आणि पालकांच्या सह्यांची जागा. मुलांची नावं आणि गुण एक्सेलच्या यादीतून मेल मर्ज करून घ्यायचे. सगळं तयार होतं, प्रिंट दिलं जातं आणि मशीन एक छापील, एक कोरा, पुन्हा एक छापील, एक कोरा असे कागद बाहेर टाकत सुटतं. 48 कागदांचं काम 96 कागदांवर जातं.

मग कोऱ्या पानावर जाऊन बॅकस्पेस दाबून पाहिलं जातं. पान जात नाही. डिलीट दाबलं तरी जात नाही. कारण ते पान कोरं दिसत असलं, तरी रिकामं नसतं.

त्यावर काय आहे ते पाहायला Ctrl+Shift+8 दाबावं, किंवा Home टॅबवरच्या ¶ या बटणावर टिचकी मारावी. एरवी लपलेल्या खुणा आता दिसू लागतात आणि दुसऱ्या पानाच्या माथ्यावर एकटंच एक ¶ उभं असलेलं आढळतं. ही परिच्छेद संपल्याची खूण. एंटर दाबला की हीच उमटते. पण तक्त्याखालची ही शेवटची खूण कोणी एंटर मारून आणलेली नसते. ती वर्डनेच ठेवलेली असते, आणि तो ती कोणाला काढू देत नाही.

हा हट्ट समजून घ्यायचा तर वर्ड मजकूर कसा सांभाळतो ते पाहावं लागतं. परिच्छेद डावीकडून सुरू व्हावा की मध्यभागी यावा, दोन ओळींत अंतर किती, परिच्छेदाखाली जागा किती, ही सगळी माहिती वर्ड परिच्छेदाच्या शेवटच्या खुणेत बांधून ठेवतो. ही पद्धत वर्डहूनही जुनी आहे. 1974 साली झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ब्राव्हो नावाचा संपादक बनवला. त्याच्या फाइलमध्येही प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी त्याच्या मांडणीची माहिती जोडलेली असे. सिमोनी 1981 मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि वर्ड त्यांच्या देखरेखीखाली घडला.

तक्ता हा काही परिच्छेद नव्हे. त्यामुळे वर्डचं दस्तऐवज तक्त्यावर संपू शकत नाही, त्यानंतर निदान एक परिच्छेद, भले तो रिकामा का असेना, लागतोच. docx फाइलच्या पोटात डोकावलं तर शेवट साधारण असा दिसतो:

```
<w:body>
  <w:tbl> ... </w:tbl>
  <w:p/>
  <w:sectPr> ... </w:sectPr>
</w:body>
```

पहिली ओळ मुख्य मजकुराची सुरुवात, दुसरी तक्ता आणि तिसरी म्हणजे आपला रिकामा परिच्छेद. चौथ्या ओळीत कागदाचा आकार आणि समास यांची माहिती असते. खटकतं ते तिसऱ्या ओळीपाशी.

आता मोजमाप करून पाहू. A4 कागदाची उंची 842 पॉइंट; 72 पॉइंट म्हणजे एक इंच. वर आणि खाली एकेक इंच समास सोडला की लिहायला साधारण 698 पॉइंट उरतात. प्रगतिपत्रकाचा तक्ता रेषांसकट 690 पॉइंटांचा झाला असं धरू. म्हणजे खाली 8 पॉइंट शिल्लक. पण कॅलिब्री 11 मधली एक रिकामी ओळसुद्धा 14-15 पॉइंट जागा मागते. ती 8 पॉइंटांत मावत नाही, म्हणून दुसऱ्या पानावर जाते. ओळ रिकामी आहे म्हणून वर्ड तिला सूट देत नाही.

खूण काढता येत नसली, तरी तिला बारीक करता येतं. ¶ माउसने निवडावं आणि अक्षरांच्या आकाराच्या चौकटीत 1 टाइप करून एंटर मारावा. मग Paragraph ची खिडकी उघडून Before आणि After दोन्ही शून्य करावेत, Line spacing मध्ये Exactly निवडून शेजारी 1 pt लिहावं. ही दुसरी पायरी पुष्कळजण गाळतात, आणि खरं काम तीच करते. Exactly निवडलं की ओळीची उंची फॉन्टवर अवलंबून राहत नाही. आता त्या परिच्छेदाला एकच पॉइंट जागा लागते, ती 8 मध्ये सहज मावते आणि दुसरं पान नाहीसं होतं.

मेल मर्जमध्ये हा बदल मूळ नमुन्यात करायचा, मर्ज होऊन आलेल्या लांबलचक फाइलमध्ये नव्हे. मर्ज करताना वर्ड एका मुलाचं पत्रक संपलं की नवं पान सुरू करणारा सेक्शन ब्रेक घालतो. मूळ नमुना दोन पानांचा असेल, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला दोन पानं येणारच. मर्ज झालेल्या फाइलमध्ये 48 ठिकाणी हात घालत बसण्यात अर्थ नाही.

एवढं करूनही पान हटलं नाही, तर दोन शक्यता पाहाव्यात. त्या शेवटच्या परिच्छेदाला एखाद्या शीर्षकाची स्टाइल चिकटलेली असेल आणि तिच्यात Page break before वर खूण असेल, तर परिच्छेद कितीही बारीक केला तरी तो नव्या पानावरच सुरू होणार. ही खूण Paragraph च्या खिडकीत Line and Page Breaks या भागात सापडते, ती काढून टाकावी. नाहीतर तक्त्याने पान अगदी काठोकाठ भरलेलं असेल. मग खालचा समास जरा कमी करावा किंवा तक्त्यातल्या एखाद्या ओळीची उंची उतरवावी. काहीजण ¶ ला Hidden करून लपवतात. ते चालतंही, पण खुणा दाखवणारं बटण चालू केलं की पान परत येतं, म्हणून हा उपाय कच्चा.

एका पॉइंटच्या युक्तीतही एक खोच आहे. पुढच्या वर्षी दुसरे शिक्षक तोच नमुना उघडतात आणि तक्त्याखाली ‘टीप’ लिहायला जातात. टाइप केलेली अक्षरं कुठे गेली तेच त्यांना कळत नाही. ती तिथेच असतात, एका पॉइंटची, बारीक रेघेसारखी.

घरी एका पानात बसलेली फाइल प्रिंटच्या दुकानात दोन पानांची होते, ही तक्रारही बहुतेक वेळा याच कुळातली. दुकानातल्या संगणकावर आपला देवनागरी फॉन्ट नसला की वर्ड त्याच्या जागी दुसरा वापरतो. बदली आलेला फॉन्ट मंगलसारखा उंच ओळींचा असला, तर तक्त्याची प्रत्येक ओळ थोडी थोडी वाढते आणि शेवटच्या परिच्छेदाला जागा उरत नाही. म्हणून दुकानात वर्डची फाइल न देता आपल्याच संगणकावर केलेली पीडीएफ द्यावी. मात्र आधी तिची पानं मोजावीत, कारण कोरं पान वर्डमध्ये असेल तर ते पीडीएफमध्येही उतरतं.

आणि नमुना नव्यानेच आखत असाल, तर या खटाटोपाची गरजच नाही. तक्ता पानाच्या तळापर्यंत ओढू नका, खाली एका ओळीपुरती, म्हणजे साधारण 20 पॉइंट जागा मोकळी सोडा.