एका कपाटाचं वाचनालय

दानाच्या पुस्तकांवर सोसायटीत वाचनालय काढायचं ठरलं की पुस्तकं कमी पडतील अशी भीती असते. प्रत्यक्षात ती जास्त होतात. बोरिवली-मुलुंडमध्ये इमारत पुनर्विकासाला निघाली की घरोघरचे माळे रिकामे होतात, आणि कादंबऱ्यांबरोबर जुनी गाइडं, भिजून फुगलेले दिवाळी अंकही येतात. म्हणून आधी कपाट मोजावं. तीन फुटी कप्प्यात दाटीवाटीने चाळीसएक पुस्तकं मावतात. पण पावसाळ्यात त्यांच्यामधून हवा खेळली नाही तर बुरशी धरते, तेव्हा तीसच ठेवावीत. पाच कप्पे, दीडशे पुस्तकं. ही मर्यादाच वाचनालय जगवते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची २००९पासूनची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनाही शंभर पुस्तकांच्या पेटीवर चालते आणि पेट्या वाचकगटांमध्ये फिरत राहतात. साठा छोटा, पण हलता.

नाकारलं तर देणारा दुखावेल, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे पुस्तक हातात घेण्यापूर्वीच सांगणं: आम्ही निवडून ठेवू, उरलेली दुसऱ्या वाचनालयाला किंवा रद्दीत देऊ. आलेलं प्रत्येक पुस्तक उघडून शिवणीपाशी पाहावं. कागद कुरतडलेला असेल तर कसर लागली आहे. असं एक पुस्तक सगळा कप्पा खराब करतं. निवडलेल्याला दाखल क्रमांक द्यावा. तो नोंदवहीत, मुखपृष्ठामागच्या पानावर आणि कण्यावरच्या चिठ्ठीवर एकच असावा. ४७ क्रमांकाचं पुस्तक बाद झालं तरी ४७ पुन्हा कुणाला देऊ नये. नाहीतर जुन्या देवघेवीच्या नोंदी भलत्याच पुस्तकाला चिकटतात. दीडशे पुस्तकांना दशांश वर्गीकरण लागत नाही. कादंबरी, कथा, चरित्र, बालसाहित्य, इतर, एवढे गट पुरतात. गटात लेखकाच्या आडनावाने लावावं.

दंडाशिवाय पुस्तकं परत येतील का? रोज रुपया दंड लावला तर महिनाभर उशीर झालेला सभासद तीस रुपयांपेक्षा संकोचाने यायचा थांबतो, आणि पुस्तक त्याच्याच घरी राहतं. त्याऐवजी एका वेळी एकच पुस्तक, मुदत तीन आठवडे, आणि पहिलं परत आल्याशिवाय दुसरं नाही. वाचणाऱ्याला हा नियम पुरतो. वाचन सोडलेल्याला मात्र पुरत नाही, आणि अकरा महिन्यांच्या करारावर राहणारं कुटुंब घर बदलून गेलं तर पुस्तकही जातं. त्यासाठी सर्वांकडून सारखीच दोनशे रुपये अनामत घ्यावी आणि सोडताना परत करावी. फक्त भाडेकरूंकडून घेतली तर ते दारातूनच परततील.

आता देवघेवीची चिठ्ठी पाहा. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या या कागदावर प्रत्येक वेळी परतीची तारीख पडते. दोन वर्षांत एकही तारीख नसेल तर त्या पुस्तकाने जागा सोडावी. एखादं महत्त्वाचं पुस्तक असं हातचं जाईल, हे खरं. पण ते सांभाळायला मोठी ग्रंथसंग्रहालयं आहेत. सोसायटीच्या कपाटाचं काम पुस्तक जपण्याचं नाही, ते पुढच्या घरी पोचवण्याचं आहे.