दोन राजे, दोन टोकं आणि एक चाल

बुद्धिबळात दोघांनी एकाच बाजूला कॅसलिंग केलं की खेळ बहुतेक वेळा सावकाश चालतो. पण एकाने राजाच्या बाजूला आणि दुसऱ्याने वजिराच्या बाजूला केलं की सगळा हिशेबच बदलतो. कारण सरळ आहे. एरवी हल्ल्यासाठी प्यादी पुढे ढकलली की स्वतःचाच राजा उघडा पडतो. इथे आपला राजा दुसऱ्या टोकाला असतो, त्यामुळे जी आणि एच पट्टीवरची प्यादी बिनधास्त पळवता येतात. अर्थात समोरच्यालाही आपल्या राजावर तशीच मोकळीक असते. म्हणजे ही शर्यत झाली, आणि शर्यतीत प्याद्यांपेक्षा चाली मोजायच्या असतात.

आपल्या कॉमन रूममध्ये मी जे गेम्स बघते, त्यात प्यादी पळवायची म्हणून पळवली जातात. खरं तर प्याद्याचं काम एकच, समोरच्या राजापुढच्या प्याद्याला भिडून हत्तीसाठी पट्टी उघडायची. समोरच्याचं प्यादं जी६ वर आलेलं असेल तर एच४, एच५ अशा दोनच चालींत भिडता येतं. तेच जी७ वर असेल तर जास्त चाली लागतात. म्हणूनच नियम सांगतात की आपल्या राजापुढची प्यादी उगाच हलवू नका. हललेलं प्यादं म्हणजे शत्रूला आयता मिळालेला हुक.

आता एक खरा गेम घेऊ, १९७४ चा, मॉस्कोतला. कँडिडेट्स फायनलचा दुसरा गेम, कार्पोव्ह विरुद्ध कोर्चनॉय. ओपनिंग सिसिलियन ड्रॅगन. पांढऱ्याचा राजा सी१ वर, काळ्याचा जी८ वर. काळ्याचं प्यादं जी६ वर, म्हणजे हुक तयार. पण काळ्याकडेही एक फायदा आहे. त्याचं सी प्यादं ओपनिंगमध्येच गेलंय, त्यामुळे सी पट्टी त्याच्यासाठी आधीच उघडी आहे. तिथे त्याला प्यादी ढकलावी लागत नाहीत, हत्ती आणला की झालं. त्याची नेहमीची धमकी म्हणजे सी३ वरचा घोडा हत्तीने मारायचा. हत्ती जातो, पण राजापुढची प्यादी विस्कटतात.

चौदाव्या चालीला कार्पोव्हने एच५ खेळून प्यादं चक्क देऊन टाकलं. कोर्चनॉयच्या घोड्याने ते खाल्लं, लगेच जी४ आलं आणि घोडा एफ६ वर परत गेला. म्हणजे काळ्याच्या दोन चाली नुसत्या जाण्या-येण्यात संपल्या. पांढऱ्याला एका प्याद्याच्या बदल्यात एच पट्टी मिळाली आणि जी प्यादंही पुढे सरकलं.

यानंतर घाईघाईने मारामारी सुरू होईल असं वाटतं. कार्पोव्हने मात्र सोळाव्या चालीला डी४ वरचा घोडा मागे ई२ वर नेला. ही चाल बचावाची दिसते, पण तिने सी३ ला आधार मिळाला. आता हत्तीने तिथे मारलं तर हा घोडा परत मारेल आणि राजापुढची प्यादी जागच्या जागी राहतील. एका चालीत काळ्याचा सगळा हल्ला थंड. पुढच्याच चालीला एच६ वर उंट देऊन त्याने काळ्याचा जी७ वरचा उंट मारामारीत काढला आणि स्वतःचा वजीर एच६ वर बसवला. मग एकोणिसाव्या चालीला हत्ती डी३ वर आला. त्यानेही सी३ सांभाळलं, म्हणून ई२ चा घोडा मोकळा झाला आणि पुढे एफ४ वरून हल्ल्यात उतरला.

आता एच७ चा एकच राखणदार उरला होता, एफ६ चा घोडा. पांढऱ्याने डी५ वर दुसरा घोडा आणून त्यावर दाब दिला. तो घोडा काळ्याने मारला असता, तर वजीर एच७ वर शह देऊन पुढच्या चालीला एच८ वर मात झाली असती.

तरीही एक पळवाट होती. एफ६ वर मारामारी झाली की पाचवी आडवी रांग मोकळी होऊन काळ्याचा वजीर ए५ वरून जी५ वर येतो, शह देतो आणि वजिरांची अदलाबदल करतो. वजीर गेले की शर्यतच संपली. उरतात ती फक्त पुढे पळालेली, कमजोर प्यादी. म्हणून चोविसाव्या चालीला कार्पोव्हने आधी ई५ खेळून ती रांगच बंद केली. सत्ताविसाव्या चालीला कोर्चनॉयने डाव सोडला.

यातून मला सापडलेली पद्धत अशी. प्रत्येक चालीआधी मोजा, मला पट्टी उघडायला किती चाली लागतील आणि त्याला किती? शह किंवा थेट धमकी असलेली चाल फुकट धरा, कारण समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. आपण पुढे असलो तर पळा. बरोबरीत किंवा मागे असलो तर आपली एक चाल खर्च करून त्याच्या दोन-तीन चाली वाया जातील अशी जागा शोधा. ती सापडत नसेल तर वजीर काढायचा प्रयत्न करा, नाहीतर मधली पट्टी फोडा, म्हणजे त्याच्या मोहऱ्यांना कडेचा हल्ला सोडून परत यावं लागेल.