मिनिटभर श्वास, पाच दिवस गोळी

छाती आत ओढली जाणारा न्यूमोनिया आपण मागच्या भागात पाहिला. छाती ओढली जात नाही, मूल पाणी पिते, पण श्वास भरभर चालतो, अशा मुलावर आरोग्य कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली घरी उपचार होऊ शकतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हे काम गावातल्या प्रशिक्षित माणसांच्या हाती दिले आणि १९९० साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. तेव्हाचे औषध कोट्रायमोक्साझोल होते. आता त्या जागी अमॉक्सिसिलीन आहे.

दीड वर्षाची, साडेदहा किलोची एक मुलगी खोकला आणि तापामुळे उपकेंद्रात आली आहे, असे समजू. रडताना किंवा अंगावर पिताना श्वासाचा आकडा फसवा येतो. म्हणून ती आईच्या मांडीवर शांत झाल्यावर पूर्ण एक मिनिट तिचे श्वास मोजले जातात: ४६.

एक ते पाच वर्षांच्या मुलाला मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाला ५० किंवा जास्त. म्हणजे हेच ४६ दहा महिन्यांच्या बाळात जलद ठरले नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात २५० मिलिग्रॅमची, पाण्यात विरघळणारी गोळी वयानुसार दिली आहे. दोन महिने ते एक वर्ष: एक गोळी. एक ते तीन वर्षे: दोन. तीन ते पाच वर्षे: तीन. हे सारे दिवसातून दोनदा, पाच दिवस. आपल्या मुलीला सकाळी दोन, संध्याकाळी दोन, एकूण वीस गोळ्या लागतील.

वाटीत थोड्या स्वच्छ पाण्यात गोळ्या टाकून त्या विरघळल्या की ते पाणी लगेच पाजायचे. तळाशी राहिलेला गाळ पुन्हा थोड्या पाण्यात ढवळून द्यायचा, नाहीतर मात्रा कमी पडते. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती मात्रा पुन्हा द्यायची. पूर्वी पेनिसिलीन गटाच्या औषधाने अंगावर पुरळ किंवा सूज आली असेल तर पहिल्या गोळीआधीच सांगायला हवे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप उतरला की गोळ्या थांबवणे ही नेहमीची चूक. तिसऱ्या दिवशी मुलीला परत दाखवायचे असते: श्वास पुन्हा मोजायचे, ताप आणि खाणेपिणे पाहायचे. श्वासाचा वेग उतरला, ती जेवू लागली, तर उरलेल्या गोळ्या पूर्ण करायच्या. काहीच फरक नसेल तर डॉक्टरांकडे पाठवायचे.

काही लक्षणे दिसली तर मात्र तिसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही: पाणी किंवा दूध पिणे बंद होणे, प्रत्येक घास उलटून पडणे, झटके, गुंगी, छाती आत ओढली जाणे. तेव्हा थेट रुग्णालय गाठायचे. दोन महिन्यांखालील बाळासाठी ही घरची गोळी नाही. जलद श्वास दिसताच त्याला रुग्णालयात न्यायचे.

छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल तर श्वास दम्यानेही वाढलेला असू शकतो. तो फरक कसा ओळखायचा, ते पुढच्या भागात.