श्वासाची साक्ष आणि पंधरवड्याची मुदत

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे 1979 पासून रॉबिन वॉरेन हे विकृतिशास्त्रज्ञ जठराच्या अस्तराच्या तुकड्यांत वाकड्या आकाराचे जीवाणू पाहत होते, आणि बॅरी मार्शल हे तरुण वैद्य त्यांना येऊन मिळाल्यावरही ते जीवाणू काचेच्या ताटल्यांत वाढेनात, कारण दोन दिवसांत काही दिसले नाही की ताटली फेकून द्यावी असा प्रयोगशाळेचा शिरस्ता होता. 1982 च्या ईस्टरच्या सुटीत ताटल्या तशाच राहिल्या आणि सुटी संपल्यावर त्यांवर वसाहती उमटलेल्या दिसल्या. या जीवाणूला पुढे 1989 मध्ये ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हे नाव मिळाले, आणि 2005 मध्ये त्या दोघांना नोबेल पारितोषिक लाभले. ही हकीगत सर्वश्रुत आहे. तिच्या पुढचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही: जीवाणूचे अस्तित्व दुर्बिणीवाचून कसे सिद्ध करावे, आणि ज्या औषधांनी रोग्याला आराम पडतो त्याच औषधांनी ते सिद्ध करणे अवघड का होऊन बसले.

या जीवाणूला आम्लात जगायचे असते, आणि त्यासाठी त्याच्यापाशी ‘युरीएज’ नावाचे विकर विपुल प्रमाणात असते. हे विकर युरियाचे विघटन करून अमोनिया आणि कर्बद्विप्राणिल वायू निर्माण करते. अमोनियाने भोवतीचे आम्ल शमते, हा जीवाणूचा हेतू. वायू मात्र रक्तात शिरून फुप्फुसांवाटे बाहेर पडतो, आणि नेमका हाच भाग वैद्यांच्या कामी आला. 1987 मध्ये अमेरिकेत डेव्हिड ग्रॅहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी तजवीज केली की रोग्याला कार्बन-13 या किंचित जड पण किरणोत्सर्ग न करणाऱ्या अणूने खूण केलेला युरिया पाजावा आणि काही वेळाने त्याच्या श्वासात तो जड कार्बन वाढला आहे काय हे पाहावे. पुढच्याच वर्षी मार्शल यांनी कार्बन-14 वापरून हीच परीक्षा मांडली. आजची रीत साधारण अशी की उपाशीपोटी पहिला श्वास पिशवीत घ्यावा, मग सुमारे 75 मिलिग्रॅम युरिया सायट्रिक आम्लाच्या पेयातून द्यावा, आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा श्वास घ्यावा. दोहोंतील फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, तर जठरात जिवंत जीवाणू कामावर आहेत असे मानावे.

‘कामावर आहेत’ हे शब्द मी मुद्दाम वापरले, कारण ही परीक्षा जीवाणू मोजत नाही, त्यांची मजुरी मोजते. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या मलपरीक्षेची तऱ्हा वेगळी आहे. जठराच्या अस्तरावरून झडलेल्या जीवाणूंची प्रथिने विष्ठेतून बाहेर पडतात आणि प्रतिपिंडांच्या साहाय्याने ती हुडकली जातात. आरंभीच्या परीक्षांत मिश्र प्रतिपिंडे असत. पुढे एकाच प्रथिनखंडावर नेमकी बसणारी प्रतिपिंडे आली, तेव्हा उपचारानंतरच्या निकालांवर विसंबता येऊ लागले. नमुना मात्र थंड ठेवावा लागतो, आणि पातळ जुलाबाच्या नमुन्यात प्रथिने विरल होऊन निकाल चुकू शकतो. रक्तातील प्रतिपिंडांची परीक्षा यांहून स्वस्त खरी, पण जीवाणू मेल्यावरही तिचे निकाल महिनोन्महिने तसेच राहतात. म्हणून बरे झाल्याचा दाखला देण्यास ती निकामी ठरते.

श्वासपरीक्षा आली त्याच सुमारास एका औषधाने आपला अंमल बसवला. 1988 मध्ये ओमेप्राझोल बाजारात आले आणि त्याच्या मागोमाग त्याच जातीची भावंडे आली. जठराच्या पेशींतील आम्लाचा पंप बंद करणारी ही औषधे इतकी गुणकारी होती की परीक्षेला येणारा रोगी बहुधा ती घेतच येई. मग एक विचित्र प्रकार ध्यानात येऊ लागला: अस्तराच्या तुकड्यांवरून ज्यांच्या पोटात जीवाणू असल्याची रुजुवात झाली होती, त्यांचेच श्वास निर्दोष निघू लागले. लॉस एंजेलिसमध्ये लॉरेन लेन यांनी या शंकेची रीतसर छाननी केली आणि 1998 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांची श्वासपरीक्षा आधी सकारात्मक होती, अशांना रोज 30 मिलिग्रॅम लॅन्सोप्राझोल 28 दिवस देऊन ती परीक्षा पुन्हा केली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांचा निकाल नकारार्थी झाला. औषध थांबवल्यावर तिसऱ्या दिवशी 91 टक्के, सातव्या दिवशी 97 टक्के आणि चौदाव्या दिवशी शंभर टक्के निकाल पुन्हा खरे झाले. वैद्य आज ‘दोन आठवडे गोळी बंद ठेवा’ असे सांगतात, त्या मुदतीमागे असे मोजमाप आहे. ती कोणाची लहर नव्हे.

असे का व्हावे, याचा एक सुंदर खुलासा 2000 मध्ये जॉर्ज सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. आम्लपंपाच्या संशोधनात ज्यांचे नाव आधीच अग्रस्थानी होते, त्याच सॅक्स यांनी आता जीवाणूच्या भिंतीतील एक दार ओळखले. युरिया आत शिरण्याचे हे दार भोवती आम्ल असेल तरच उघडते, आणि भोवतालचे द्रव्य उदासीन झाले की मिटते. जीवाणूच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे, कारण आम्ल नसताना अमोनिया करीत राहिला तर तो स्वतःच क्षारात बुडून मरेल. गोळीने आम्ल उणावले की दार मिटते, युरिया बाहेरच राहतो, आणि जिवंत जीवाणूचाही श्वासात मागमूस उरत नाही. पेयातील सायट्रिक आम्ल या उणिवेची काही भरपाई करते, पण पूर्ण नव्हे. शिवाय ही औषधे जीवाणूवर थोडा थेट प्रहारही करतात आणि त्याची संख्या घटवतात. म्हणूनच आम्लाशी काही संबंध नसलेली मलपरीक्षाही त्यांच्यामुळे चुकते.

प्रतिजैविकांची गोष्ट याहून सरळ आहे, आणि बिस्मथचीही. त्यांनी जीवाणू मरतात, पण सगळेच मरतात असे नाही. मूठभर उरलेले परीक्षेच्या पकडीत येण्याजोगे होईपर्यंत काही आठवडे लोटतात, म्हणून या औषधांनंतर किमान चार आठवडे थांबण्याचा दंडक आहे.

समजा, ग्रहणीतील व्रणाच्या एका रोग्याचा चौदा दिवसांचा उपचार 14 जूनला संपला. चार आठवडे धरल्यास परीक्षा 12 जुलैच्या आधी करणे योग्य नाही. आणि व्रण भरून यावा म्हणून आम्लरोधक गोळी पुढे चालू असेल, तर तीही 28 जूनपासून थांबवली पाहिजे. त्याने मधल्या काळात पोटात जळजळते म्हणून औषधाच्या दुकानातून पॅन्टोप्राझोल आणले आणि 9 जुलैपर्यंत घेतले, तर 12 जुलैचा श्वास लेन यांच्या तिसऱ्या दिवसाच्या टप्प्यावर येतो, म्हणजे जीवाणू असलेल्या शंभर जणांपैकी नऊ निर्दोष सुटतात. हा रोगी त्या नवांतला असेल, तर काही महिन्यांनी व्रण उलटतो आणि खापर ‘नव्या संसर्गा’वर फुटते, वास्तविक जुना संसर्ग गेलेलाच नसतो. आपल्याकडे ‘गॅसची गोळी’ म्हणून खपणारी औषधे रोग्याच्या लेखी औषधेच नसतात, हे वैद्यांनी विसरू नये. नाव घेऊन विचारावे. जळजळ सोसवेना तर त्या दोन आठवड्यांत साधे आम्लशामक चालते. फॅमोटिडीनच्या जातीची औषधे परीक्षेत फारसा दोष आणत नाहीत. तीही एकदोन दिवस आधी थांबवली म्हणजे झाले. रक्तस्रावी व्रणाच्या वेळी मात्र गोळी थांबवण्याचे धाडस वैद्याला विचारल्याशिवाय करू नये. तेथे परीक्षाच पुढे ढकलावी.

याची दुसरी बाजू ध्यानात ठेवावी. गोळी चालू असतानाही निकाल सकारात्मक आला, तर सहसा त्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही, कारण या औषधांनी जीवाणू लपतो, नसलेला दिसू लागत नाही. मात्र औषधे चालू असताना आलेला नकारार्थी निकाल हा निकालच नव्हे. तो फाईलीत न लावता, गोळी थांबवून दोन आठवड्यांनी परीक्षा पुन्हा करावी.