वाय-फायचे नाव देवनागरीत ठेवताना

कर्जत आणि खालापूर परिसरातील शेतघरे व घरगुती निवासांच्या वाय-फायला मराठी नाव किंवा इमोजी दिल्यास काही पाहुण्यांच्या उपकरणांवर नुसते चौकोन दिसण्याची शक्यता असते. राउटर हे नाव अक्षरे म्हणून नव्हे, तर बाइट, म्हणजे संगणकीय मापाचे लहान एकक, यांच्या ओळीच्या रूपात प्रसारित करतो; ती ओळ ३२ बाइटांहून लांब असू शकत नाही आणि युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला १, देवनागरीतील प्रत्येक वर्ण, काना, मात्रा वा हलन्ताला ३, तर बहुतेक इमोजींना किमान ४ बाइट लागतात.

त्यामुळे ‘कर्जत शेतघर’ हे नाव ३१ बाइटांत बसते; ‘खालापूर शेतघर’ला मात्र ३७ लागतात, म्हणून राउटर ते नाकारतो किंवा मध्येच तोडतो. मर्यादेत बसलेले नावही सर्वत्र नीट दिसेलच असे नाही. उपकरणात देवनागरीचा टंक नसेल तर चौकोन उमटतात. जुने उपकरण बाइटांचा अर्थ पाश्चात्त्य लिपीनुसार लावत असेल तर ‘क’च्या जागी `à¤•` अशी चिन्हे दिसतात. दोन्ही प्रसंगी पासवर्ड बरोबरच असतो, परंतु पाहुण्याला जाळे ओळखता येत नाही आणि काही प्रिंटर व कॅमेरे असे नाव स्वीकारतही नाहीत.

म्हणून `Khalapur-Shetghar` असे १७ बाइटांचे रोमन नाव अधिक सुरक्षित ठरते, आणि मराठी नाव पासवर्डासह भिंतीवरील फलकावर देता येते. नाव बदलल्यावर आधीची सर्व उपकरणे पुन्हा जोडावी लागतात.