केमद्रुम योग: चंद्र एकटा असला तरी आधी भंग तपासा

औंढा नागनाथला दर्शनाला आलेल्या एक ताई भेटल्या. मुलाच्या पत्रिकेत केमद्रुम आहे, दारिद्र्य येईल, असं कुणीतरी सांगितल्याने त्या घाबरल्या होत्या. पत्रिका मीही पाहिली.

चंद्राच्या दुसऱ्या आणि बाराव्या राशीत एकही ग्रह नसेल तर केमद्रुम होतो. इथे रवी धरत नाहीत. राहू-केतूही बहुतेक जण सोडतात.

मुलाचा चंद्र कन्येत. दुसरी रास तूळ रिकामी. बाराव्या सिंहेत फक्त रवी. म्हणजे व्याख्येनुसार केमद्रुम आहेच.

पण इथेच थांबायचं नाही. वराहमिहिराच्या बृहज्जातकात याच योगाबरोबर एक मतही नोंदलंय: लग्नापासून किंवा चंद्रापासून केंद्रात, म्हणजे १, ४, ७, १० या स्थानांत ग्रह असेल तर केमद्रुम मानू नये. चंद्रासोबत ग्रह असला किंवा चंद्रावर गुरूची दृष्टी असली, तरी भंग होतो असं परंपरा मानते.

या पत्रिकेत गुरू मीनेत, स्वराशीत. कन्येपासून मीन सातवी, म्हणजे केंद्र. शिवाय गुरूची सातवी दृष्टी थेट चंद्रावर. दोन्ही बाजूंनी भंग!

भंग करणारा ग्रह नीच किंवा अस्तंगत असेल, तर मात्र तो भंग दुबळा समजतात. म्हणून मोबाइल ॲपने ‘केमद्रुम’ दाखवलं की लगेच शांतीचा खर्च करू नका. आधी केंद्रं मोजा. कुठल्याही एका योगावरून दारिद्र्याचं भाकीत करू नये, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या पत्रिकेत चंद्राच्या मागेपुढे कोण आहे? शंका कमेंटमध्ये विचारा.