सीडीवरचा आकडा डॅकपर्यंत जसाच्या तसा

नवा डॅक घरी आणला, यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडला आणि ख्यालाची एक जुनी सीडी, फ्लॅक फाइल करून ठेवलेली, लावली. आवाज छान येत होता. पण डॅकच्या छोट्या पडद्यावर ४८ हा आकडा दिसत होता, आणि तिथे दिसायला हवा होता ४४.१.

सीडीवर प्रत्येक चॅनेलसाठी दर सेकंदाला ४४,१०० आकडे नोंदलेले असतात. या आकड्यांना सॅम्पल म्हणतात. सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. तिथे एका ओळीत तीन सॅम्पल, एका फील्डमध्ये २४५ ओळी आणि सेकंदाला ६० फील्ड बसत. या तिन्हींचा गुणाकार करून पाहा, ४४,१०० येतात. व्हिडिओच्या जगात मात्र पुढे ४८,००० हा वेग रूढ झाला आणि बहुतेक संगणक आजही तोच धरून चालतात.

विंडोजमध्ये गाणे, ब्राउझरमधला व्हिडिओ आणि ईमेल आल्याची टिंग हे सगळे एका मिक्सरमध्ये जाते. वेगवेगळ्या वेगांचे आवाज एकत्र करायचे तर सगळ्यांना एकाच वेगावर आणावे लागते. म्हणून सीडीच्या दर १४७ सॅम्पलच्या जागी मिक्सर १६० सॅम्पल तयार करतो. त्या १६० मधल्या एकाचीच वेळ मूळ सॅम्पलच्या वेळेशी जुळते. बाकीचे १५९ आजूबाजूच्या आकड्यांवरून हिशेब करून काढलेले असतात. हिशेब चांगला असतो, पण डॅकला मिळतात ते सीडीवरचे आकडे नव्हेत.

सोपा उपाय म्हणून अनेक जण मिक्सरचाच वेग ४४,१०० करतात. ते पुरेसे नाही. व्हॉल्यूमची पट्टी शंभराखाली असेल तर प्रत्येक सॅम्पलला गुणले जाते. शिवाय विंडोजच्या मिक्सरमध्ये एक लिमिटर असतो. आवाज फाटू नये म्हणून तो कमाल पातळीजवळची शिखरे किंचित दाबतो, आणि वेग जुळला, पट्टी शंभरावर असली तरी तो आपले काम करतच राहतो. हल्लीच्या जोरकस ध्वनिमुद्रणांत अशी शिखरे पुष्कळ असतात.

म्हणून मिक्सरला वळसाच घालायला हवा. विंडोजमध्ये त्यासाठी वासापीचा एक्सक्लुझिव्ह मोड आहे. त्यात प्लेअर डॅकचा ताबा एकट्याकडे घेतो. आधी Run मध्ये पुढची आज्ञा द्यायची:

```
mmsys.cpl
```

उघडलेल्या यादीत डॅक निवडून Properties, मग Advanced मध्ये जायचे आणि एक्सक्लुझिव्ह ताब्याला परवानगी देणाऱ्या चौकटीत खूण आहे ना, ते पाहायचे. मग foobar2000 च्या Preferences, Playback, Output मध्ये डॅकच्या नावापुढे [exclusive] असलेला पर्याय निवडायचा. प्लेअरचा स्वतःचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवायचा, ReplayGain बंद करायचा आणि DSP ची यादी रिकामी ठेवायची. त्याआधी अॅम्प्लिफायरची नॉब खाली आणायला विसरू नका, कारण आता आवाज कमी करणारे मध्ये कोणीच नाही. हेडफोन कानावर असताना तर हा प्रयोग मुळीच करू नका.

गाणे पुन्हा लावले आणि पडद्यावर ४४.१ उमटले. ९६ किलोहर्ट्झची फाइल लावली तर ९६. गाणे चालू असताना ब्राउझरमधला व्हिडिओ त्याच डॅकवर मुका राहिला, ही चांगली खूण आहे.

पण पडदा फक्त वेग सांगतो, आकडे तेच आहेत का ते सांगत नाही. त्यासाठी एक जुनी, खात्रीची कसोटी आहे. डीटीएस सीडीवरचा डेटा साध्या सीडीच्या सॅम्पलसारखाच भरलेला असतो. त्याची फाइल त्याच प्लेअरमधून, त्याच मोडमध्ये, ऑप्टिकल केबलने होम थिएटरच्या रिसीव्हरला पाठवायची. आकडे अखंड पोहोचले तर रिसीव्हर डीटीएस ओळखतो आणि संगीत वाजते. मध्ये कोणी त्यांना हात लावला असेल तर नुसती खरखर ऐकू येते, तीही मोठी, म्हणून आवाज आधी अगदी लहान ठेवायचा. ही परीक्षा प्लेअरची आणि मोडची होते. यूएसबी डॅक वेगळे उपकरण असल्याने त्याच्यासाठी ऑप्टिकल आउटपुट देणारा यूएसबी कन्व्हर्टर मध्ये घेतला तर परीक्षा जास्त जवळची ठरते.

काही डॅक १६ बिटचे सॅम्पल थेट घेत नाहीत, २४ बिटचेच घेतात. तेव्हा प्लेअर शेवटी आठ शून्ये जोडतो. त्याने मूळ आकडा बदलत नाही, फक्त डिदरची चौकट बंद हवी. याच आठ जादा बिटांमुळे प्लेअरचा व्हॉल्यूम थोडा कमी केला तरी नुकसान फार होत नाही. साधारण सहा डेसिबलला एक बिट खर्च होतो. आकडे मूळचे राहत नाहीत, पण हा फरक कानाला कळणे अवघड असते. मी स्वतः तरीही आवाज नॉबनेच कमी करतो.

इतके करून तानपुरा वेगळा ऐकू येईल का? विंडोजचे रूपांतर चांगले असेल तर बहुधा नाही, आणि एमपीथ्री फाइल किंवा ब्राउझरमधल्या गाण्याला या खटाटोपाचा काहीच उपयोग नाही. मला हवे होते ते एवढेच, की सीडी बनवणाऱ्याने ठेवलेला आकडा माझ्या डॅकला मिळावा, आणि आवाजात काही खटकले तर दोष कुठे शोधायचा ते कळावे. आता खटकले की मी संगणक सोडून थेट स्पीकर आणि खोलीकडे बघतो.